शाल, श्रीफळ आणि डांबरगोळी

नागोठण्यात स्वेटर घालायला वर्षाकाठी मोजून दहा-पंधरा सकाळी मिळतात. डिसेंबर-जानेवारीत अंबा नदीवर धुकं उतरतं, पुलावरून येणारी एसटी दिवे लावून येते, स्टँडवर चहाच्या पेल्याला दोन्ही हातांनी धरलं जातं, आणि कानाला मफलर बांधलेले आजोबा ‘यंदा थंडी आहे हो’ म्हणेपर्यंत ऊन पाठीवर येतं. दहाच्या सुमाराला तोच मफलर घाम पुसायला उपयोगी पडतो.

तरीही घराघरात लोकरी कपड्यांची एक ट्रंक असतेच. दिल्ली-आग्रा सहलीसाठी घेतलेले स्वेटर, आत्याने स्वतःच्या हाताने विणलेला बिनबाह्यांचा बनियनवजा पुलोव्हर, लग्नात आलेली लोकरी शाल, आणि सत्कारात मिळालेल्या शालींची चळत. कसर लागू नये म्हणून या सगळ्यांत मूठभर डांबरगोळ्या टाकायच्या आणि ट्रंक माळ्यावर चढवायची. जुलै १९८९ चा अंबेचा पूर पाहिलेल्या गावात किमती वस्तू जमिनीवर ठेवायची पद्धत नाही. म्हणून अकरा महिने स्वेटर माळ्यावर, पत्र्याच्या खाली, डांबरगोळ्यांच्या संगतीत तपश्चर्या करतात.

मग अचानक घरात ठरतं, ‘शनिवारी महाबळेश्वर.’ गाडी कोलाड, माणगाव, महाड करत पोलादपूरला वळणार आणि आंबेनळी घाट चढणार. गुरुवारी रात्री ट्रंक उघडते. पहिल्यांदा मांजर घर सोडतं. नंतर घरातली तरुण पिढी नाक दाबून जाहीर करते की स्वेटरला हॉटेलातल्या बेसिनचा वास येतोय. यात अतिशयोक्ती नाही. हात धुवायच्या बेसिनमध्ये जाळीवर बसलेली पांढरी गोळी आणि आत्याच्या पुलोव्हरमधली गोळी या सख्ख्या बहिणी आहेत.

आता दोन दिवसांत स्वेटर धुऊन वाळवणं शक्य नाही, आणि धुतला तरी उपयोग बेताचाच. डांबरगोळीतलं नॅप्थॅलीन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. एक लिटर पाणी जेमतेम तीस मिलिग्रॅम नॅप्थॅलीन पोटात घेतं. त्यामुळे हौसेने गरम पाण्यात बुडवून पिळलेल्या स्वेटरला दोन फळं मिळतात. एक तर तो आटून नातवाच्या मापाचा होतो, आणि वर वासही बराचसा तसाच राहतो.

या गोळीची करामत समजून घेतली की पुढचं सगळं सोपं होतं. नॅप्थॅलीन दगडी कोळशाच्या डांबरातून वेगळं काढलं गेलं, १८२० च्या आसपास. म्हणून मराठीत ती डांबरगोळी. ती वितळत नाही, थेट हवेत उडते. सहा महिन्यांत गोळी झिजून वाटाण्याएवढी होते आणि उरलेला भाग गेला कुठे, हे कुणी विचारत नाही. तो गेला स्वेटरमध्ये. लोकर म्हणजे वासांचं गोदाम. केसासारख्याच घटकाने बनलेली ही तंतूंची गुंतागुंत हवेतून येईल ते धरून ठेवते. आपल्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकं पाणी ती हाताला ओलं न लागता पिऊ शकते, तिथे वासाची काय कथा. हा वास आत शिरला तो वाफेच्या रूपाने, आणि बाहेरही वाफेच्याच रूपाने जाणार. त्याला तीनच गोष्टी लागतात: थोडी ऊब, हलती हवा आणि वेळ. महाबळेश्वरचा बेत ठरवताना नेमकी तिसरीच गोष्ट कुणी मोजलेली नसते.

घरातले उपाय मात्र बहुतेक वेगळ्याच दिशेने धावतात. काका अत्तराची बाटली काढतात. आता स्वेटरला मोगरा आणि बेसिन असा मिश्र वास येतो. जणू हॉटेलात लग्न आहे. काकू उदाची धुरी देतात. लोकर ती आनंदाने साठवते, पण जुन्या भाडेकरूला हाकलत नाही. कुणीतरी व्हिनेगरचं पाणी फवारायला सांगतं. व्हिनेगर आम्ल असल्यामुळे मासळीसारख्या अल्कधर्मी वासांवर ते चालतं, पण नॅप्थॅलीन ना आम्ल ना अल्क. ते व्हिनेगरकडे ढुंकूनही बघत नाही. एक भाचा पुलोव्हर रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवतो. कसरीच्या अळ्या मारायला गोठवणं हा उत्तम उपाय आहे, पण त्यासाठी उणे अठरा अंशांत आठवडा-दोन आठवडे लागतात. वासाच्या बाबतीत मात्र थंडी उलटं काम करते. गार पडलेलं नॅप्थॅलीन उडत नाही, गप्प बसून राहतं. सकाळी स्वेटर बाहेर काढल्यावर भाचा म्हणतो, ‘गेला वास!’ दुपारी त्याला खरं कळतं, आणि आइस्क्रीम खाताना सगळ्या घराला.

कामाला लागायच्या आधी दोन चौकश्या कराव्या लागतात. पहिली चौकशी कपड्याची: हे खरोखर लोकर आहे का?

इथे सत्काराच्या शालींचा विषय निघतो. ग्रामपंचायत, पतपेढी, शाळा, गणेश मंडळ, निवृत्ती, षष्ट्यब्दी, एकसष्टी. ज्याने गावात दोन वर्षं जरा बरं नाव कमावलं, त्याच्या घरी आठ-दहा शाली सहज असतात. श्रीफळाची चटणी होते, शाल ट्रंकेत जाते. तिची कसरीपासून राखण करण्यासाठी दर वर्षी नव्या गोळ्या. यातल्या बहुतेक शाली अॅक्रिलिक किंवा पॉलिएस्टरच्या असतात आणि कसरीची अळी त्या खात नाही. तिला केराटिन पचतं, म्हणजे लोकर, केस, पिसं. प्लास्टिकचा धागा तिच्या लेखी जेवणच नाही. म्हणजे सत्कारमूर्तीने पंधरा वर्षं, कीटकाने कधी चाखलीच नसती अशा वस्तूभोवती पहारा ठेवला, आणि पहारेकऱ्याचा वास मात्र स्वतःच्या अंगावर घेतला.

खात्री करायची तर शालीच्या गोंड्यातला एक धागा काढावा, चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर काडी लावावी. लोकर असेल तर केस जळाल्याचा वास येतो, धागा मंदपणे जळतो आणि काळी राख बोटाने चुरगळते. अॅक्रिलिक असेल तर धागा वितळत पळतो आणि शेवटी टणक काळा मणी उरतो. हे नुसतं कुतूहल नाही. पुढे वाफेचा प्रयोग आहे. लोकर वाफेने फुलून येते, पण अॅक्रिलिकला वाफ लागली की ते कायमचं ढिलं पडतं. आदल्या वर्षी कडक कॉलरचा असलेला स्वेटर मग कीर्तनकाराच्या उपरण्यासारखा लोंबतो. अॅक्रिलिकला म्हणून फक्त वारा द्यायचा.

दुसरी चौकशी गोळीची. दुकानात ‘डांबरगोळी’ म्हणून मिळणाऱ्या सगळ्या गोळ्या नॅप्थॅलीनच्या नसतात. काही पॅराडायक्लोरोबेन्झीनच्या असतात. ओळखायला रसायनशाळा नको, एक टाकाऊ काचेचा पेला पुरे. साध्या पाण्यात दोन्ही गोळ्या बुडतात. पण अर्धा पेला पाण्यात मीठ घालत राहिलं, तळाला विरघळायचं थांबेपर्यंत (तीन-चार मोठे चमचे लागतात), की नॅप्थॅलीनची गोळी वर तरंगते आणि दुसरी बुडालेलीच राहते. साध्या पाण्यातच तरंगली तर ती कापूर आहे, आणि मग तिचं खरं ठिकाण देवघर. पेला नंतर फेकून द्यायचा. त्यात पुन्हा सरबत करायचं नाही.

या परीक्षेचा उपयोग अंदाज बांधायला. पॅराडायक्लोरोबेन्झीन नॅप्थॅलीनपेक्षा कितीतरी पटींनी भराभर उडतं. त्याच्या वासाला एखाद-दुसरा दिवस पुरतो. नॅप्थॅलीन मात्र चिवट. गुरुवारी रात्री काढलेला स्वेटर त्यातून शनिवारपर्यंत पुरता सुटत नाही. आणि वेगवेगळ्या गोळ्या एकत्र टाकण्याचा मोह ज्यांना होतो त्यांच्यासाठी एक इशारा: कापूर आणि नॅप्थॅलीन एकमेकांना लागले की मिळून साधारण बत्तीस अंशांनाच पातळ होतात. पत्र्याखालच्या माळ्यावर मे महिन्यात बत्तीस अंश म्हणजे गारवा. मग शालीवर तेलकट डाग पडतो आणि घरात दोन दिवस चर्चा चालते की माळ्यावर तेल नेलं कुणी.

आता प्रत्यक्ष काम. नागोठण्यातल्या कुठल्याही आळीतलं एक घर धरा, ज्याने गेल्या वर्षीच्या अनुभवातून शहाणपण घेऊन यंदा शनिवारच्या आठ दिवस आधी ट्रंक काढली. माळ्यावरून उतरले: आत्याचा पुलोव्हर (लोकर), एक लोकरी शाल, दोन बाजारी स्वेटर (एक अॅक्रिलिक). पहिलं काम म्हणजे झडती. खिशात, बाहीच्या मोडीत, शालीच्या घडीत गोळीचे तुकडे लपलेले असतात. आठ दिवस वारा देऊनही ज्याचा वास जात नाही अशा स्वेटरच्या खिशात हमखास असा एक तुकडा सापडतो. पुलोव्हरच्या घडीतून दोन निघाले. मग कपडे अंगणात नेऊन आडवे झटकले, बाहेरची बाजू आत केली. कसरीने खाल्लेली बारीक छिद्रं आहेत का, हेही याच वेळी उजेडात धरून पाहून घेतलं.

दुसरं काम म्हणजे जागा निवडणं. मुंबई-गोवा महामार्गाच्या बाजूची गॅलरी बाद: तिथे डांबराचा वास जाईल आणि डिझेलचा येईल. स्वयंपाकघराला लागून असलेली पडवीही बाद, कारण दुपारी तिथे सुकट भाजली जाते. लोकरीचं गोदाम रिकामं होत असताना त्यात सुकट भरणं म्हणजे तर पूर्ण पराभव. डांबरगोळीचा वास निदान सभ्य समाजात ओळखीचा आहे. शेवटी मागच्या अंगणातली नवारीची खाट ठरली. स्वेटर दोरीवर टांगत नाहीत. विणकाम स्वतःच्या वजनाने ताणतं आणि खांद्यांवर दोन शिंगं येतात. खाटेवर पसरला की वारा खालूनही लागतो. शाल दोन खुर्च्यांच्या पाठींवर उलगडून टाकायची, घडी न घालता. घडीत वास बसून राहतो.

ऊन किती द्यायचं यावर घरात दोन पक्ष असतात. आजीचा पक्ष म्हणतो, कडकडीत ऊन दाखवा, सगळं जाईल. ऊब लागते हे आजीचं खरं, पण कडक उन्हात पांढरी लोकर पिवळी पडते, रंगीत विटते. म्हणून सकाळी अर्धा तास ऊन, नंतर खाट सावलीत. वेळ अकरा ते चार, कारण तेव्हाच हवा कोरडी असते. सूर्य उतरला की कपडे आत. खाडीकडच्या भागात दंव पडतं आणि ओलसर स्वेटर पहाटेपर्यंत दुसऱ्याच कुबट वासाचा धनी होतो. आत आणल्यावर ट्रंकेत नाही, तर खोलीतच पसरून एका बाजूने टेबलफॅन, समोरची खिडकी उघडी. डांबरगोळीची वाफ हवेपेक्षा चौपटीहून जड असते. पंखा नसेल तर ती खाली बसते आणि खिडकी उघडी असूनही खोलीत मुक्काम करते.

तीन दिवसांनी घरच्यांनी हुंगून जाहीर केलं, ‘गेला!’ इथेच फसगत होते. ज्या घरात तीन दिवस डांबरगोळीचा वास आहे त्या घरातल्या नाकांनी राजीनामा दिलेला असतो. नाक सतत येणाऱ्या वासाची नोंद घ्यायचं सोडून देतं. म्हणून परीक्षक बाहेरचा हवा. काकूंनी शेजारीण बोलावली. ती उंबऱ्यातूनच म्हणाली, ‘अहो, स्वेटर काढलेत वाटतं?’

एवढं पुरेसं नव्हतं म्हणून चौथ्या दिवशी वाफ. न्हाणीघर बंद करून बादलीभर कढत पाणी, वरच्या दांडीला टॉवेल घालून त्यावर पुलोव्हर आडवा, पंधरा-वीस मिनिटं. ओल आणि ऊब मिळाल्यावर तंतू फुगतात आणि आत दडलेला वास बाहेर यायला लागतो. त्या वीस मिनिटांत न्हाणीघराला पुन्हा बेसिनचा वास सुटला, म्हणजे काम होत होतं. वाफेच्या इस्त्रीनेही हे जमतं, पण इस्त्री कपड्याला टेकवायची नाही, दोन बोटं वर धरून फिरवायची. आणि वाफ दिल्यावर खाटेवर पुन्हा दिवसभर, पुरता कोरडा होईपर्यंत. घाईत इथे बहुतेक जण थांबतात, ओलसर स्वेटर घडी करतात आणि डांबराच्या जागी बुरशी कमावतात. ओल्या लोकरीला चोळायचं किंवा पिळायचं तर नावच काढायचं नाही. गरम, ओलं आणि घासणं हे तीन एकत्र आले की लोकरीचे खवले एकमेकांत अडकतात आणि स्वेटरचं जाजम होतं.

उरलेसुरलेलं काढायला सक्रिय कोळसा. मत्स्यालयाच्या किंवा पाणी शुद्ध करायच्या सामानाच्या दुकानात तो दाण्यांच्या रूपात मिळतो. वाटीभर दाणे सुती कापडात बांधायचे, झाकणाच्या डब्यात स्वेटरशेजारी ठेवायचे, दोन-तीन दिवस. तो वाफ ओढून घेतो. चुलीचा कोळसा याच कुळातला, पण कच्चा. तो थोडंफार काम करतो आणि पांढऱ्या शालीवर सही करून जातो. खाण्याचा सोडा भुरभुरवणारेही बरेच असतात. व्हिनेगरप्रमाणे त्याचंही नॅप्थॅलीनशी फारसं जमत नाही, आणि विणीत अडकलेला सोडा महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी हिमकण समजून कुणीतरी फोटो काढतं.

शेवटची परीक्षा बंद पिशवीची. स्वेटर स्वच्छ, नव्या पिशवीत तोंड बांधून तासभर उबदार जागी ठेवायचा, मग पिशवी उघडून बाहेरून आलेल्या माणसाला हुंगायला द्यायचं. अंगात घातल्यावर शरीराच्या उबेने हीच परिस्थिती होणार असते. खाटेवर निर्दोष ठरलेला स्वेटर गाडीच्या बंद काचांत आंबेनळीच्या तिसऱ्या वळणावर गुन्हा कबूल करतो, तो यामुळेच.

आणि पिशवी नवीच का? जुन्या पॉलिथिनच्या पिशवीत नॅप्थॅलीन मुरतं, आरपारही जातं. पॉलिथिन कशाला म्हणतात हे नागोठण्याला सांगायला नको. गावाशेजारचा पेट्रोकेमिकल कारखाना ते बनवतो. वायूपासून इथिलीन, इथिलीनपासून प्लास्टिकचे दाणे, एवढा अवाढव्य व्यवहार ज्या गावाच्या कुशीत चालतो तिथे चार-पाच ग्रॅमची गोळी एका घराला आठ दिवस कामाला लावते, ही गंमत काकांना सांगितल्याशिवाय राहवत नाही. ते प्रत्येक पाहुण्याला सांगतात.

ट्रंकेचंही तसंच. लोखंडी ट्रंक ओल्या फडक्याने पुसून दोन दिवस उघडी ठेवली की सुटते; लाकडी कपाट मात्र लोकरीसारखंच मुरलेलं असतं. त्याला महिनाभर दारं उघडी ठेवून माफी मागावी लागते. नाहीतर सुटलेला स्वेटर परत त्याच कपाटात गेला की आठवड्यात पुन्हा वासाला लागतो.

एका ठिकाणी मात्र हे सगळे झटपट उपाय बाजूला ठेवायचे. बारशाला बाळाला गुंडाळायला जुनी लोकरी शाल काढायची हौस घराघरात असते. काही बाळांच्या रक्तात जी-६-पीडी नावाचं विकर जन्मतःच कमी असतं. अशा बाळांना डांबरगोळीत ठेवलेले कपडे किंवा पांघरुणं लागून तांबड्या पेशी फुटल्याची आणि तीव्र कावीळ झाल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. बाळ पाहून ते कळत नाही. त्यामुळे बाळाला अशी शाल नकोच, वास गेलाय असं शेजारीण म्हणाली तरी. युरोपीय संघाने नॅप्थॅलीनच्या गोळ्या २००८ मध्ये बाजारातून काढल्या, त्याला आरोग्याच्या अशाच चिंता कारण होत्या.

मग लोकर ठेवायची कशी? त्याचं उत्तर कसरीच्याच खाण्याच्या सवयीत आहे. उडणारा बारीक सोनेरी पतंग काही खात नाही. खाते ती अळी, आणि तिला सगळ्यांत आवडते ती घामाची, तेलाची, सांडलेल्या वरणाची लोकर. गोळी तिला मारते ती हवाबंद जागेत वाफ भरपूर साठल्यावरच. फटींच्या कपाटात वाफ निसटून घरात येते; कसर जगते आणि घरातली माणसं शिंकतात. म्हणून सहलीहून आल्यावर स्वेटर स्वच्छ करून, पुरता वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला आणि महिन्या-दोन महिन्यांनी झटकला, तर गोळीची गरज फारशी उरत नाही. ज्यांना गोळीशिवाय झोप येत नाही त्यांनी ती सुती पुरचुंडीत बांधून कपड्यांच्या वर ठेवावी, कारण वाफ खाली उतरते; घडीत खुपसू नये.

रायगडच्या डोंगरातल्या धनगरवाड्यांवर घोंगडीला डांबरगोळी घातलेली कुणी पाहिली नसेल. ती रोज खांद्यावर असते, रोज झटकली जाते, उन्हा-पावसात हिंडते. चिंचोक्यांच्या खळीने ताठ केलेल्या त्या घोंगडीत अळीला निवांत बसून जेवायला सवडच मिळत नाही.

नागोठण्याच्या त्या घरात आठव्या दिवशी बंद पिशवी शेजारणीसमोर उघडली गेली. तिने वाकून दीर्घ श्वास घेतला, डोळे मिटले, जरा विचार केला आणि म्हणाली, ‘आता नाही येत. पण सुकट भाजली होतीत का?’